शंभराच्या बॉण्डवरचे संचकारपत्र कोर्टात चालेल का?

प्रश्न : शहापूर, बेळगाव येथील एका वाचकाने 2016 मध्ये शहापुरातलीच एक जागा 12 लाखांना घ्यायचे ठरवले. विकणारे त्या वेळी गडहिंग्लजला राहत होते, म्हणून संचकारपत्र तिथेच, महाराष्ट्राच्या 100 रुपयांच्या बॉण्डवर झाले. 9 लाख दिले, कब्जाही मिळाला आणि तसे कागदावर लिहिले गेले. आता विकणारे खरेदीपत्र करून द्यायला तयार नाहीत. बेळगावच्या कोर्टात दावा लागला आहे. समोरच्या वकिलांचे म्हणणे असे की, या कागदावर स्टॅम्प कमी आहे, म्हणून तो पुराव्यात घेता येणार नाही. वाचकाला विचारायचे आहे की कागद फुकट गेला का, दंड किती बसेल, आणि मूळ कागदाऐवजी झेरॉक्स दाखल केली तर चालेल का.

उत्तर : कागद फुकट गेलेला नाही. स्टॅम्प कमी असला म्हणून करार रद्द होत नाही. शुल्क आणि दंड भरला की दूर होणारा हा दोष आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर 2023 मध्ये लवादाच्या करारांबाबत हेच स्पष्ट केले. मात्र तोवर कागद पुरावा म्हणून वाचता येत नाही, आणि दंडात सवलत द्यायची की नाही, हे बेळगावात कोणाच्या हाती आहे ते आधी समजून घ्यायला हवे.

बॉण्ड महाराष्ट्राचा असला तरी जागा कर्नाटकातली आहे. परराज्यात झालेला पण कर्नाटकातल्या मिळकतीचा दस्त इथे आणला की त्याला कर्नाटक मुद्रांक कायदा, 1957 लागतो. महाराष्ट्रात भरलेले शंभर रुपये वजा होतात, उरलेला फरक मात्र इथल्या दराने द्यावा लागतो. सीमाभागात कागद निपाणीत लिहिला की कागलात, हा फरक लोक मनावर घेत नाहीत. कायदा मात्र तो घेतो.

दुसरी गोष्ट कब्जाची. 2016 च्या दरांप्रमाणे कब्जा न देता केलेल्या संचकारपत्राला किमतीच्या शेकडा 10 पैसे, म्हणजे 12 लाखांना 1,200 रुपये पुरले असते. पण कब्जा दिला किंवा खरेदीपत्राआधी द्यायचे ठरले, तर तोच कागद खरेदीपत्राच्या दराने मोजला जातो, आणि तोही कागदावरच्या किमतीवर नाही, बाजारमूल्यावर. या जागेचे बाजारमूल्य तेव्हा 14 लाख होते असे धरू. 5 टक्क्यांनी शुल्क 70,000 रुपये. भरले 100. तूट 69,900. उपकर आणि अधिभार यांत धरलेले नाहीत.

‘कब्जाचे वाक्य असले तरी खरा कब्जा नंतर मिळाला’ असे सांगून सुटता येईल का, असा प्रश्न वाचकांना हमखास पडतो. नाही. शुल्क दस्तातल्या मजकुरावरून ठरते, दाव्यात नंतर काय म्हटले यावरून नाही.

आता दंड. कर्नाटक कायद्याच्या कलम 34 खाली कोर्टाला कागद पुराव्यात घ्यायचा असेल तर तुटीसोबत तुटीच्या दहापट दंड वसूल करावाच लागतो. 69,900 च्या दहापट म्हणजे 6,99,000. तूट धरून एकूण 7,68,900 रुपये. दिलेल्या 9 लाखांच्या जवळ जाणारी ही रक्कम आहे. गंगाप्पा विरुद्ध फक्कीरप्पा या कर्नाटकातल्याच प्रकरणात दंड कमी करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये मान्य केला नाही. कलम 34 खाली काम करताना दहापटीत कपात करण्याची मुभा कोर्टाला नाही, असे तिथे ठरले. पलीकडे महाराष्ट्रात दंड दरमहा 2 टक्क्यांनी, जास्तीत जास्त तुटीच्या चौपट असा मोजतात, म्हणून कोल्हापूरच्या नातेवाइकांनी सांगितलेला हिशोब इथे लागू पडत नाही.

मात्र दुसरी वाटही आहे, आणि वाचकाने आज लक्ष घालावे ते तिच्याकडेच. कोर्टाने दस्त अडकवून ठेवल्यावर, पण दंड ठरवून वसूल करण्याआधी, वादी अर्ज देऊ शकतो की मूळ दस्त कलम 37 खाली जिल्हा निबंधकाकडे पाठवावा. तिथे कलम 39 लागते आणि त्यात भाषा वेगळी आहे : तूट पूर्ण घ्यायची, दंड मात्र दहापटीपर्यंत, म्हणजे परिस्थिती पाहून कमीही. सीताराम शेट्टी विरुद्ध मोनप्पा शेट्टी या खटल्यात, ज्यात 1999 चे संचकारपत्र होते, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये ही वाट मोकळी असल्याचे सांगितले. कागद प्रत्यक्ष पुराव्यात येण्याची वेळ अजून आलेली नसताना वादीने जिल्हा निबंधकाकडे जाण्याची मागणी केली, तर थेट दहापट लादू नये, असा त्याचा सारांश.

अर्जात नुसती विनवणी पुरत नाही. दस्त परजिल्ह्यात, परराज्यात झाला, लिहिणाऱ्याने तिथला नेहमीचा 100 चा बॉण्ड वापरला, किंमत लपवलेली नाही, पैसे बँकेतून गेले, ही कारणे कागदपत्रांसह मांडावीत. मूळ दस्त निबंधकाकडे जातो, म्हणून आधी त्याची प्रमाणित प्रत काढून घ्यावी. रक्कम भरल्यावर जिल्हा निबंधक दस्तावर योग्य शुल्क भरल्याची नोंद करतात. त्या नोंदीनंतर स्टॅम्पच्या कारणावरून दस्त अडवता येत नाही. आणि कोर्टातच दहापट भरावी लागली तरी कोर्ट दस्ताची प्रत जिल्हा निबंधकाकडे पाठवते, तेव्हा कलम 38 खाली दंडाचा काही भाग परत मागता येतो. पाच रुपये ठेवून उरलेला दंड परत करण्याची मुभा त्यांना आहे. हा अर्ज पुष्कळदा केलाच जात नाही, हे वाईट आहे.

झेरॉक्सचा मार्ग सोडून द्यावा. कमी स्टॅम्पच्या मूळ दस्ताची प्रत दाखल करून ही अट टाळता येत नाही. उलट प्रतीवर तूट आणि दंड भरून तिला पुराव्यात आणण्याची सोयही कायद्यात नाही, कारण भरणा मूळ दस्तावरच होतो. ‘करारासाठी नको, फक्त कब्जा दाखवायला वाचा’ असेही चालत नाही. नोंदणी न झालेला दस्त अशा आनुषंगिक कारणासाठी वाचता येतो, पण स्टॅम्प कमी असलेला दस्त त्याही कारणासाठी वाचता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या अविनाश कुमार चौहान प्रकरणात म्हटले आहे.

समोरच्यांनी हरकत घेतली नाही तरी कागद तपासणे हे कोर्टाचे काम आहे. मात्र हरकत ऐकून कोर्टाने दस्त पुराव्यात घेतला आणि त्यावर निशाणी पडली, तर स्टॅम्प कमी आहे या कारणावरून त्याच दाव्यात तो मुद्दा पुन्हा काढता येत नाही. म्हणून समोरचे वकील निशाणी पडण्याआधीच बोलले, हे त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे.

शेवटी दोन वेगळ्या गोष्टी. हात उसने पैशांची वचनचिठ्ठी तिकीट न लावता लिहिली असेल तर हा उपाय नाही. तिला केंद्राचा 1899 चा कायदा लागतो आणि त्यात दंड भरून ती पुराव्यात आणता येत नाही. आणि स्टॅम्पची तूट भरली म्हणजे नोंदणीचा प्रश्न मिटत नाही. कब्जाच्या संचकारपत्राची नोंदणी 2001 पासून लागते. ती झालेली नसेल तर कब्जा राखण्यासाठी त्यावर विसंबता येत नाही, पण खरेदीपत्र करून मिळावे या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून तो दाखवता येतो. वाचकाचा दावा त्याच स्वरूपाचा आहे, म्हणून तूट भरण्याचा अर्ज आधी द्यावा आणि पुढच्या तारखेला तो कोर्टासमोर असावा.