उलटी सकाळी, मग गोळी रात्री का?

प्रश्न : मला गरोदरपणाचा आठवा आठवडा सुरू आहे. डॉक्टरांनी डॉक्सिलामाइन-पायरिडॉक्सिनच्या गोळ्या झोपताना घ्यायला सांगितल्या. मी मळमळलं की सकाळी घेते, पण उपयोग होत नाही.

उत्तर : गोळी चुकीची नाही, वेळ चुकतेय. या गोळीवरचं आवरण पोटात लगेच विरघळत नाही. परिणाम काही तासांनी दिसतो. म्हणून रात्रीची गोळी सकाळी कामी येते. ती रोज घ्यायची, मळमळेल तेव्हा नव्हे. आणि अख्खी गिळायची, चावायची नाही. १०-१० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांनी सुरुवात होते. दोन दिवसांत भागलं नाही, तर डॉक्टर सकाळी एक, मग दुपारी एक वाढवतात. दिवसाला चारपेक्षा जास्त नाहीत. झोप येते, त्यामुळे स्कूटर चालवू नका. बाळाच्या दृष्टीने हे औषध दीर्घ वापरातून सुरक्षित ठरलं आहे. झोप सोसत नसेल, तर नुसतं पायरिडॉक्सिन किंवा आलं चालतं का, हे डॉक्टरांना विचारा.

मात्र दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद किंवा आठ तास झालीच नसेल, उभं राहताना चक्कर, उलटीत रक्त, ताप किंवा पोटात दुखत असेल, तर गोळीच्या परिणामाची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे सलाइन लागू शकतं.