सत्राचे अठ्ठ्याण्णव हजार

माझं भाषांतर चुकलं नव्हतं. हे आधी सांगून टाकते, कारण ताईच्या घरी अजूनही विषय निघाला की भाऊजी म्हणतात, "तुझ्या कागदावर विसंबलो." तो कागद माझ्याकडे आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. तरीही त्यापायी तीन आठवडे गेले, भाचीची हॉस्टेलची खोली गेली आणि पंधरा हजार रुपये अडकले. हे कसं झालं ते नीट मांडते. पुढच्या वर्षी कुणीतरी आपल्या मुलीसाठी असाच फोटो कुणालातरी पाठवणार आहे.

जून २०२४. भाचीला जयपूरजवळच्या एका खासगी विद्यापीठात बीसीएला जागा मिळत होती. तिथल्या प्रवेश विभागातल्या काउन्सेलरने माहितीपत्रकातल्या शुल्क-तक्त्याचा फोटो भाऊजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तक्ता हिंदीत. मी लग्न होऊन जयपूरला आले त्याला बावीस वर्षं झाली, त्यामुळे फोटो सोलापूरहून माझ्याकडे आला आणि खाली ताईचा निरोप: "एवढं मराठीत लिहून दे, यांना बँकेत दाखवायचंय."

तक्ता असा होता. शिक्षण शुल्क ६२,०००, प्रति सेमेस्टर. परीक्षा शुल्क ४,०००, प्रति सेमेस्टर. पंजीकरण शुल्क ३,०००, एकमुश्त, अप्रतिदेय. छात्रावास एवं मेस शुल्क ९८,०००, प्रति सत्र. अमानत राशि १०,०००, प्रतिदेय. छात्रावास धरोहर राशि १५,०००, प्रतिदेय, आणि त्यावर एक तारा.

मी प्रत्येक ओळ लिहून काढली. पंजीकरण म्हणजे नोंदणी. अप्रतिदेय म्हणजे परत न मिळणारे. अमानत म्हणजे आपली अनामत. धरोहर राशि म्हणजे हॉस्टेलची अनामत. आणि 'प्रति सत्र' होतं तिथे 'प्रति सत्र' लिहिलं. शब्द मराठीतही आहे, मग बदलायचा कशाला?

चूक तिथेच होती. मला ती दिसली नाही, कारण माझ्या कानाला इतकी वर्षं जयपूरचंच 'सत्र' ऐकायची सवय. इथे शाळेच्या फाटकावर 'सत्र २०२४-२५' असं लिहिलेलं असतं. सत्र म्हणजे अख्खं शैक्षणिक वर्ष. सहामाहीला लोक सेमेस्टर म्हणतात. सोलापुरात शाळेपासून कॉलेजपर्यंत प्रथम सत्र, द्वितीय सत्र. सत्र म्हणजे अर्धं वर्ष. भाऊजींनी ९८ हजार वर्षातून दोनदा धरले.

'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण, हे कुणीही सांगेल. तिथे अर्थ इतका लांबचा आहे की वाचणारा आपोआप अडखळतो आणि विचारतो. 'सत्र' अडखळू देत नाही. दोन्ही अर्थ शाळा-कॉलेजातलेच, दोन्ही त्या ओळीत चपखल बसतात. म्हणून असे जवळचे शब्द जास्त महाग पडतात.

आता हिशेब बघा. तीन वर्षांचे सहा सेमेस्टर. शिक्षण शुल्क ३,७२,०००, परीक्षा २४,०००, नोंदणी ३,०००, दोन्ही अनामती मिळून २५,०००. हॉस्टेल वर्षाला एकदा धरलं तर २,९४,०००. एकूण ७,१८,०००. तेच हॉस्टेल सहा वेळा धरलं की ५,८८,००० आणि एकूण १०,१२,०००. शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांची रेघ फार मोठी आहे. तिच्या आत असलं तर साधारणपणे घरदार तारण ठेवावं लागत नाही, तिच्यावर गेलं की बँक तारण मागते. बँकेतल्या साहेबांनी भाऊजींच्या वहीतल्या आकड्यावरूनच फाइल सुरू केली आणि विद्यापीठाचं शिक्क्याचं पत्र नंतर आणा म्हणाले. मग घराची कागदपत्रं, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन. ज्या कर्जाला घराची गरजच नव्हती, त्यासाठी भाऊजी तीन आठवडे खेटे घालत राहिले.

भाऊजींनी विचारलं नाही असंही नाही. आकडा मोठा वाटला म्हणून त्यांनी काउन्सेलरला फोन केला, तेव्हा ताई शेजारीच होती. भाऊजी म्हणाले, "हॉस्टल का एक सत्र का अठानवे हज़ार है क्या?" तो म्हणाला, "जी हाँ सर, एक सत्र का." दोघंही खरं बोलले आणि दोघांच्या डोक्यात वेगळं होतं. सोलापूरहून बोलणाऱ्या माणसाला "पूरे साल का" असे तीन शब्द जास्त सांगायला त्याचं काय जात होतं? दर जूनमध्ये महाराष्ट्रातली किती मुलं त्याच्याकडे येतात! "सीट जल्दी ब्लॉक कर लीजिए" हे मात्र त्याने त्याच फोनवर दोनदा सांगितलं. भाऊजींनी घाबरून हॉस्टेलचे पंधरा हजार त्याच दिवशी भरले.

२२ जुलैला भाऊजी जयपूरला आले आणि बँकेसाठी विद्यापीठाचं पत्र घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. खिडकीपलीकडचा कारकून पत्र टाइप करत होता आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्या बाजूला थोडा वळलेला होता. शिक्षण शुल्काच्या सहा ओळी झाल्या. मग छात्रावास शुल्क: प्रथम वर्ष ९८,०००. द्वितीय वर्ष ९८,०००. तृतीय वर्ष ९८,०००. आणि खाली बेरीज. भाऊजींच्या हातात त्यांची वही उघडी होती, तिच्यात हॉस्टेलच्या सहा ओळी. त्यांनी एकदा वहीकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. मला म्हणाले, "बाकीचे तीन कुठं गेले?" मला उत्तर सुचायला वेळ लागला, आणि सुचलं तेव्हा पोटात गोळा आला.

पुढचं त्याहून वाईट. खोली कोणती ते विचारलं तर समजलं की हॉस्टेलचे पैसे भरायची मुदत १५ जुलैलाच संपली होती आणि खोली दुसऱ्या मुलीला गेली होती. मग अनामत तरी परत द्या म्हटलं. कारकुनाने माहितीपत्रक उघडून तक्त्याखालच्या ओळीवर बोट ठेवलं. ताऱ्याचा उलगडा तिथे होता: ठरल्या तारखेपर्यंत छात्रावास शुल्क जमा न झाल्यास खोलीचं वाटप आपोआप रद्द आणि धरोहर राशि जब्त. आम्हाला आलेला फोटो तक्त्याच्या शेवटच्या रेघेवर कापलेला होता. मी काउन्सेलरला फोन दाखवला. तो म्हणाला, "साफ़ तो लिखा है, मैडम." पुस्तकात होतं. त्याने पाठवलेल्या फोटोत नव्हतं. हे मी त्याला ऐकवलं आणि अजूनही तेच म्हणते.

लेखी अर्ज करून, दोनदा खेटे घालून ते पंधरा हजार पुढच्या वर्षीच्या हॉस्टेलमध्ये धरायचं त्यांनी कबूल केलं. हातात काही मिळालं नाही. भाचीला पहिलं वर्ष पीजीत काढावं लागलं.

आता ज्यांना असा तक्ता वाचायचा किंवा कुणाला उतरवून द्यायचा आहे, त्यांच्यासाठी.

कालावधीचा शब्द कधीही तसाच ठेवू नका. सत्र, सेमेस्टर, टर्म, वर्ष, काहीही असो, त्यापुढे "तीन वर्षांत एकूण इतक्या वेळा" असा आकडा लिहा. मी 'प्रति सत्र' पुढे "एकूण ३ वेळा" एवढं लिहिलं असतं तर हा लेखच झाला नसता. फोनवर विचारताना तो शब्द उच्चारूच नका. "जुलैत भरल्यावर पुन्हा कोणत्या महिन्यात भरायचे?" असं विचारा. महिन्याच्या नावाला दोन अर्थ नसतात.

एकमुश्त म्हणजे एकरकमी, हप्ते नाहीत. बरेच जण तो शब्द 'एकदाच' या अर्थी छापतात, पण तो दरवर्षी एकरकमी भरायचा आकडाही असू शकतो. तेव्हा तिथेही किती वेळा ते विचाराच.

प्रतिदेय म्हणजे परत मिळणारे. यातल्या 'प्रति'चा प्रति महिना, प्रति वर्षाशी संबंध नाही. अप्रतिदेय म्हणजे परत न मिळणारे. अंधूक फोटोत पुढचा 'अ' रेघेला चिकटला की अर्थ उलटा होतो, म्हणून फोटो मोठा करून बघा. आणि प्रतिदेय दिसलं की तेवढ्यावर थांबू नका. कधी परत मिळणार, कशावर, आणि कोणत्या कारणाने बुडणार, हे तिन्ही लिहून घ्या. अनामतीची पावती वेगळी घ्या, शुल्काच्या पावतीत मिसळू देऊ नका.

फोटो पानाच्या चारही कोपऱ्यांसकट मागा, आणि मागचं पानही. तारा दिसला आणि तळटीप दिसली नाही तर भाषांतरच करू नका, आधी पान मागा. विद्यार्थ्यांच्या तक्रारींबाबतच्या यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार शुल्काचा प्रत्येक घटक, अनामती आणि परताव्याच्या अटी माहितीपत्रकात द्याव्या लागतात आणि ते संकेतस्थळावरही ठेवावं लागतं. तिथून उतरवून घ्या.

कर्ज काढणार असाल तर शिक्क्याचं वर्षवार पत्र सगळ्यात आधी. आम्ही ते शेवटी आणलं. अनामतीसाठीही बँका कर्ज देतात, पण बँकांच्या आदर्श योजनेत ती रक्कम पूर्ण अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच धरतात. आमच्या बाबतीत ती मर्यादा ३७,२०० होती, म्हणून २५,००० बसले. अनामत मोठी असेल तर वरचे पैसे खिशातून जातात.

प्रवेशच रद्द करणार असाल तर यूजीसीचं त्या वर्षाचं परतावा धोरण बघा. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून परत, असं होतं. अनामत हा शुल्काचा भागच नाही, ती पूर्ण परत करायची, असं यूजीसीने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण हे सगळं प्रवेश सोडणाऱ्यासाठी. भाची शिकत राहिली आणि फक्त खोली गेली, तिथे हा आधार थेट लागू होत नव्हता. म्हणून मला अर्ज-विनंतीवर भागवावं लागलं.

आणि घरच्या जाणत्या माणसाकडून कागद लिहून घेतलात, तर तो त्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवा, आपल्या शब्दांत, आकड्यांसकट. भाऊजींनी "म्हणजे वर्षाला एक लाख शहाण्णव हजार" असं मला एकदा जरी म्हटलं असतं, तरी मी जागच्या जागी थांबवलं असतं. ताईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला काय ठाऊक, तुझं सत्र वेगळं झालंय ते." बावीस वर्षांत ते वेगळं झालं होतं, आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं.