एक मोबाइल, दोन टीव्ही

प्रश्न : भाचीचं लग्न अमेरिकेत आहे. यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण हॉल आणि शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर एकदम दिसेल का?

उत्तर : दिसेल, पण नुसत्या मोबाइलवरून नाही. यूट्यूब एका वेळी एकाच टीव्हीवर कास्ट होतं. गूगल होममधला स्पीकर ग्रुप फक्त आवाजापुरता. म्हणून कास्टिंगचं डोंगल टीव्हीऐवजी ‘एकाला दोन’ एचडीएमआय स्प्लिटरच्या INPUT मध्ये खोचा आणि दोन्ही टीव्हींना केबल न्या. डोंगल आणि स्प्लिटर, दोघांनाही अ‍ॅडॉप्टर हवा. स्वस्तातली केबल दहा-पंधरा मीटरपुढे गेली की चित्र लुकलुकतं किंवा काळं होतं. खात्रीसाठी आधी छोटी केबल लावून बघा. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले तर एक टीव्ही सरळ म्यूट करा.