कच्च्या द्रव्यांची साठवण : सवीर्यता अवधी व तोडणीचा दिनांक

अकोले तालुक्यातील राजूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. पश्चिमेस भंडारदरा व घाटघर हा अतिपावसाचा पट्टा. येथील रानात हिरडा मिळतो, परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत तोच हिरडा कोठारात ओल धरतो. म्हणून साठवणीच्या क्रमाचा विचार आम्ही हिरड्याच्या उदाहरणाने करीत आहोत.

औषध नियमावलीतील नियम १६१-ब नुसार तयार औषधाच्या वेष्टनावर कालबाह्यता दिनांक छापणे बंधनकारक आहे. चूर्णासाठी हा अवधी २ वर्षे आहे. मात्र तो निर्मितीपासून मोजला जातो. जुन्या, हीनवीर्य हिरड्याचे चूर्ण केले तरी वेष्टनावर पुढची २ वर्षे छापली जातात. हा दोष वेष्टन पाहून कळत नाही. तो कोठारातच अडवावा लागतो. शार्ङ्गधरांनी शुष्क द्रव्य वर्षानंतर गुणहीन होते असे सांगितले आहे. तीच मर्यादा आम्ही तोडणीपासून धरतो.

‘आधी आलेले आधी वापरावे’ हा नियम येथे अपुरा पडतो. समजा, १ जुलैला कोठारात प्रत्येकी ४० किलोची दोन पोती आहेत. पहिले मे महिन्यात आले. त्याची तोडणी जानेवारीची. दुसरे आजच व्यापाऱ्याकडून आले. चौकशीअंती त्याची तोडणी मागील नोव्हेंबरची निघाली. दरमहा १० किलो हिरडा लागतो. आवकेच्या क्रमाने पहिले पोते ऑक्टोबरअखेर संपेल. दुसऱ्याची मुदत नोव्हेंबरअखेर संपत असल्याने त्यातील १० किलोच वापरले जातील आणि ३० किलो वाया जातील. तोडणीच्या क्रमाने दुसरे पोते ऑक्टोबरअखेर संपेल आणि पहिल्यातील ३० किलो जानेवारीअखेरपर्यंत वापरले जातील. उरलेले १० किलो म्हणजे गरजेपेक्षा अधिक केलेली खरेदी होय.

म्हणून प्रत्येक पोत्यास तोडणीचा महिना, आवक दिनांक व अंतिम वापर दिनांक लिहिलेली चिठ्ठी बांधावी. अंतिम दिनांक जवळचा असलेले पोते पुढे ठेवावे. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. अर्ध्या पोत्यात नवा माल ओतू नये. त्याने दिनांकही पुसतो आणि जुन्यातील कीड नव्यात शिरते.

तथापि दिनांक ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. पावसाळ्यात दर पंधरवड्यास पोते उघडून पाहावे. फळ कडक न राहता मऊ लागले, कुबट वास आला किंवा तळाशी भुकटी साचली, तर मुदत शिल्लक असली तरी ते पोते वेगळे काढावे.

दोन अपवाद ध्यानी ठेवावेत. पिंपळी, वावडिंग, गूळ, मध व तूप ही शास्त्राने जुनी घेण्यास सांगितलेली द्रव्ये होत. त्यांची मांडणी निराळी असावी, परंतु जुने म्हणजे बुरसलेले नव्हे. याउलट गुळवेल, अडुळसा व शतावरी ताजी घ्यावयाची असल्याने त्यांची खरेदी निर्मितीच्या दिवसाशीच जोडावी.