नव्वद की एकशेचाळीस?

दुसरबीडची ती पिकअप पहाटे चारला गल्लीतून बाहेर पडते. सोयाबीनची पोती घेऊन सिंदखेडराजामार्गे जालना, मोंढ्यात माल उतरवायचा, येताना सिमेंट किंवा सळई. जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंनी गाडी भरलेली. भाचा रात्री दहाला जेवतो तेव्हा मामा झोपलेले असतात, आणि मामा उठतात तेव्हा भाचा सिंदखेडराजाच्या पुढे गेलेला असतो. एकाच घरात राहून दोघांची गाठ पडत नाही. म्हणून मामांनी वहीची तीन पानं लिहून गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवली. तीस वर्षं मालवाहू गाड्या चालवलेल्या माणसाने एका आवाजावर लिहिलेलं ते पत्र आहे.

आवाज मागच्या अॅक्सलचा. भरल्या गाडीत ताशी पन्नास-साठच्या दरम्यान बारीक ‘कुंऽऽ’ असा. भाच्याने तो मोंढ्याजवळच्या एका मिस्त्रीला ऐकवला. मिस्त्री म्हणाला, “नव्वदचं काढ, एकशेचाळीस नंबर टाक, आवाज मरून जाईल.” हे भाच्याने मामीला सांगितलं आणि मामीने मामांना.

‘चि. भाच्यास अनेक आशीर्वाद. मिस्त्री खोटं बोलला नाही,’ असं पत्र सुरू होतं. ‘आवाज खरंच मरेल. दुखणं मात्र तसंच राहील. जाड तेल दातांच्या मधल्या फटीत उशीसारखं बसतं आणि घरघर दाबतं. माझ्या जुन्या गाडीत मी हेच केलं होतं. दोन महिने गाडी गप्प होती. तिसऱ्या महिन्यात मेहकरच्या रस्त्यावर आवाज परत आला, तो नुसता ऐकू येईना, पायाखाली जाणवायला लागला. गोळा खोलला तर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला खड्डे, त्या ढिलाईने पिनियन हललेला आणि क्राऊनचे दात एका कडेला खाल्लेले. नुसता पिनियन बदलता येत नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने बसवलेले असतात, म्हणून जोडीच बदलावी लागली. पहिल्याच आवाजाला खोललं असतं तर बेअरिंग आणि सीलवर भागलं असतं.’

पुढे मामा नंबरांकडे वळतात. इथे त्यांचा सूर जरा शाळामास्तरासारखा होतो, पण मुद्दा ऐकण्याजोगा आहे. नव्वद हा आकडा ऐकून लोकांना वाटतं, इंजिनचं तेल चाळीस नंबरचं म्हणजे हे त्याच्या दुपटीहून जाड. तसं नाही. गिअर तेलाची आणि इंजिन तेलाची मोजपट्टी वेगवेगळी आहे. गरम झाल्यावर नव्वदचं गिअर तेल साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन तेलाइतकंच वाहतं. ८०डब्ल्यू-९० मधला पुढचा आकडा थंडीचा. त्या दर्जाचं तेल उणे २६ अंशांपर्यंत चालावं असं त्याचं माप आहे. बुलढाणा जिल्ह्यात कितीही हुडहुडी भरली तरी त्या आकड्याशी आपलं काही देणंघेणं नाही. आपला संबंध मागच्या आकड्याशी. मे महिन्यात, भरल्या गाडीत तेल पातळ होतं, म्हणून जड वाहनांना काही कंपन्या ८५डब्ल्यू-१४० सांगतातही. ज्या गाडीच्या पुस्तकात ते लिहिलंय तिला ते जरूर घालावं. पुस्तकात नव्वद असेल तर आवाज दाबायला एकशेचाळीस घालू नये. जाड तेल घुसळायला जास्त ताकद लागते, ती डिझेलमधून जाते, आणि पहाटेच्या गारठ्यात ते पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं.

‘डब्यावर नंबराच्या शेजारी आणखी एक खूण असते, जीएल-४ किंवा जीएल-५. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस,’ असं मामांनी लिहिलं आहे आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

कारण पिनियनच्या बसण्यात आहे. मागच्या अॅक्सलमध्ये पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर नसतो, जरा खाली बसवलेला असतो. अशा दातांना हायपॉइड म्हणतात. अमेरिकेत १९२६ च्या सुमारास पॅकार्ड मोटारीत ते आले. प्रोपेलर शाफ्ट खाली घेता आला, त्याबरोबर मोटारीचा तळही खाली आला, आणि दातही भक्कम झाले. पण हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीने घसरतातही. पाटा-वरवंट्यासारखं. ओझ्याखाली त्या घासणीत साधं तेल पिळून बाहेर फेकलं जातं आणि लोखंड लोखंडाला भिडतं. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची औषधं घालतात. दात तापला की ती तिथेच एक पातळ थर धरतात आणि तो थर झिजतो, दात वाचतो. गिअर तेलाला येणारा उग्र वास त्याच गंधकाचा. जीएल-५ मध्ये हे औषध जीएल-४ पेक्षा बरंच जास्त असतं, आणि हायपॉइडच्या मागच्या अॅक्सलला तेच लागतं.

मग उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतावं का? पाच लिटरचा डबा आणला की हा मोह प्रत्येकाला होतो. मामांचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. बऱ्याच जीएल-५ तेलांतलं औषध पितळेला मानवत नाही, आणि रिंगेला जी पकड लागते ती बिघडून गिअर टाकताना करकर सुरू होते. गिअरबॉक्सला त्याच्या पुस्तकातलंच तेल.

आता माप. दीड टनाच्या आसपास माल नेणाऱ्या पिकअपच्या मागच्या अॅक्सलमध्ये साधारण दीड ते अडीच लिटर तेल मावतं. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो आणि तो गाडीच्या पुस्तकात असतो. पण खरं माप गाडीवरच आहे. हौसिंगला बाजूला एक फिलर नट असतो, त्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं की भरलं. मामा म्हणतात, या सोप्या गोष्टीतच सगळ्यात जास्त चुका होतात. गाडी रॅम्पवर तिरकी असते, तेल एका बाजूला जातं आणि भोकातून थेंब आला म्हणून नट लावला जातो. गाडी रिकामी हवी, जमीन सपाट हवी. तेल घट्ट असतं, दोन्ही बाजूंच्या नळ्यांत हळूहळू सरकतं, म्हणून भरून झाल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा बोट घालून पाहायचं.

‘जास्त भरलं तर काय बिघडलं, असं तुझे आजोबाही म्हणायचे. बिघडतं. क्राऊन तेल घुसळतो, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवेने दात वंगणले जात नाहीत. वर आलेलं तेल नळ्यांतून हबकडे जातं, सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर येतं. सिंदखेडराजाच्या उतारावर भरली गाडी आणि एका चाकाचा ब्रेक तेलकट, हे मी एकदा भोगलं आहे.’

बदलायचं कधी, याचा हिशोब पत्राच्या समासात बेरजेसह आहे. रोज १२० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३,१२० किलोमीटर. समजा, पुस्तकात ४०,००० किलोमीटर लिहिलंय. तो आकडा साध्या वापरासाठी. रोज ओझं, धूळ आणि उन्हाळा असला की बहुतेक पुस्तकं ‘कठीण वापर’ या वेगळ्या रकान्यात मुदत जवळ आणतात, आणि मामा ती निम्मी धरतात. २०,००० किलोमीटर म्हणजे साडेसहा महिने. मामांनी ते सरळ दिवाळी आणि अक्षय्य तृतीयेला बांधून टाकलं आहे. दिवाळीचा बदल त्यांच्या लेखी जास्त महत्त्वाचा, कारण त्याआधी पावसाळा गेलेला असतो.

पाण्याला मात्र मुदत नाही. तापलेलं हौसिंग नाल्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि जिथून फट मिळेल तिथून पाणी ओढलं जातं. हौसिंगच्या डोक्यावर ब्रीदर नावाचं बोटभर टोपण असतं, बहुधा तिथूनच. असं पाणी पार केल्यावर दोन-चार दिवसांत फिलर नट खोलून तेल बोटावर घ्यायचं. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर कालच बदललेलं असलं तरी ते टाकून द्यायचं.

उलटही होतं. ब्रीदर चिखलाने बुजला तर गरम हवेला वाट राहत नाही, आणि ती तेलालाच सीलमधून बाहेर ढकलते. मग लोक सील बदलत बसतात. दोन रुपयांच्या चिखलाकडे कोणी पाहत नाही.

शेवटच्या पानावर रविवारच्या कामाची रीत होती. गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळवून आणायची, तेल गरम असतानाच ओघाने निघतं. आधी वरचा फिलर नट सुटतो का ते पाहायचं, मगच खालचा ड्रेन नट खोलायचा. खालचं तेल सांडून बसलं आणि वरचा नट गंजून अडकला, तर गाडी जागेवरच राहते. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात घ्यायचं. ड्रेन नटच्या चुंबकावर करड्या लोण्यासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज. नखाला टोचणारी चकती किंवा दाताचा तुकडा असेल तर तेल भरूच नये, गोळा खोलायला सांगावं.

भाच्याने पुढच्या रविवारी तसंच केलं. भांड्यात सव्वा लिटर तेल निघालं. काळं, पण दुधाळ नाही. चुंबकावर लेप होता, तुकडा नव्हता. नवीन ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ भोकाच्या कडेपर्यंत भरायला लागलं दोन लिटरला थोडं कमी. म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास तेल आधीच कुठेतरी गेलेलं. मामा खाटेवरून उठले, टॉर्च घेतली आणि डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला धरली. हबखाली टायरच्या भिंतीवर धूळ चिकटून काळा ओघळ वाळला होता. ब्रीदरचं टोपण फिरत नव्हतं. पेट्रोलच्या चिंधीने पुसून, तारेने टोकरून ते मोकळं केलं, डावा ड्रम काढून लायनर पाहिले, आणि सील दुसऱ्या दिवशी जालन्याहून आणायचं ठरलं.

सोमवारी भरल्या गाडीत आवाज बराच कमी होता, गेला नव्हता. अॅक्सिलरेटर दाबल्यावर नाही, पाय काढल्यावर येत होता. मामांनी पत्राच्या कोऱ्या पाठीवर त्याच रात्री एक ओळ वाढवली: ‘पाय काढल्यावर येतो म्हणजे पिनियनचं बेअरिंग किंवा पुढचा नट बघायला पाहिजे. गुरुवारी मोंढा बंद आहे, त्या दिवशी गाडी खाली ठेव.’