रकान्याखाली काय लिहायचं, हे आधी ठरवा

तायांनो, गटाची माहिती प्रभागसंघाकडे पाठवताना आपण रकाने भरतो. पण रकान्यात नुसता आकडा लिहिला तर काय होतं, ते एका उदाहरणानं पाहू.

समजा, संघाला तूर एकत्र विकायची आहे. दर्यापूरकडच्या एका ताईनं लिहिलं, जमीन 2, तूर 12. अकोटकडच्या ताईनं लिहिलं, जमीन 0.81, तूर 6. वहीत दोघींची बेरीज झाली, जमीन 2.81 आणि तूर 18. संघानं व्यापाऱ्याला 18 क्विंटलचा शब्द दिला. माल मोजला तर भरला फक्त 12 क्विंटल!

चोरी कोणीच केली नाही. पहिलीनं जमीन एकरात लिहिली, तर दुसरीनं सातबाऱ्यावर पाहून हेक्टरमध्ये. एक हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर, म्हणून 0.81 हेक्टर म्हणजे 2 एकरच. तूर पहिलीनं कट्ट्यात लिहिली. तिचा कट्टा 50 किलोचा, म्हणजे 12 कट्टे झाले 6 क्विंटल. दोघींचं शेत सारखं, पीकही सारखं!

हे टाळायला वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक रकान्याचा खुलासा लिहायचा. संगणकवाले याला डेटा डिक्शनरी म्हणतात.

| रकाना | अर्थ | प्रकार | काय चालेल | एकक |
|---|---|---|---|---|
| जमीन | यंदा तूर पेरलेली जागा | संख्या | 0 पेक्षा जास्त | एकर |
| तूर | विकायला असलेली तूर | संख्या | 0 किंवा जास्त | क्विंटल |
| ओलित | तुरीला पाणी दिलं का | शब्द | हो / नाही | – |
| तारीख | वजन केल्याचा दिवस | तारीख | दिवस-महिना-वर्ष | – |

‘अर्थ’ नीट वाचा. घरी खायला ठेवलेली तूर यात धरायची नाही. ‘काय चालेल’ यात शून्याचंही ठरवा. 0 म्हणजे विकायला काहीच नाही. ताईला विचारायचंच राहिलं असेल तर जागा कोरी ठेवा, 0 लिहू नका.

चूक ओळखायची कशी? तुरीच्या आकड्याला जमिनीनं भागा. वरच्या दोघींचा खरा उतारा एकरी 3 क्विंटल. पण वहीतल्या आकड्यांवरून पहिलीचा 6 येतो आणि दुसरीचा 7 च्या वर. शेजारच्या शेतांपेक्षा एखादीचा उतारा दुप्पट दिसला, की आधी एकक विचारा.

एक मात्र ध्यानात ठेवा. हा खुलासा वजन करत नाही. कोणाचा कट्टा 50 किलोचा, तर कोणाचा 60 चा, म्हणून काट्यावर मोजूनच क्विंटल लिहा. जुन्या नोंदीत एकक नसेल तर अंदाजानं भरू नका, त्या ताईलाच विचारा. आणि मधेच एकक बदललं, तर कोणत्या तारखेपासून बदललं, तेही त्याच पानावर लिहा. नाही तर मागच्या वर्षीचा आकडा यंदाच्या आकड्याशी जुळणार नाही.

पुढच्या बैठकीत वही उघडा अन् पहिल्याच रकान्यावर बोट ठेवून सगळ्यांना विचारा, ‘बाई, हे एकर की हेक्टर?’ दोन उत्तरं आली, तर त्याच दिवशी खुलाशाचं पान लिहून टाका.