लसीकरण-तक्त्यातील चौथा रकाना

बालकाच्या लसीकरण-पत्रिकेत देय वय, लसीचे नाव, मात्रा व दिल्याची तारीख असे रकाने असतात. पहिले तीन छापील व सर्व बालकांस सारखेच असल्यामुळे पालक तेवढेच वाचतात. परंतु पुढील मात्रा केव्हा द्यावयाची हे पुष्कळदा चौथ्या रकान्यावरून ठरते. वरच्या इयत्तांतील मुलांकडून पुढील उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे.

पेंटाव्हॅलेंट ही लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब व हिब जंतूंचे रोग या पाचांवर असून तिच्या तीन मात्रा 6, 10 व 14 आठवड्यांच्या वयास देतात. बालकाचा जन्म 10 जूनचा धरल्यास 42, 70 व 98 दिवस मोजून 22 जुलै, 19 ऑगस्ट व 16 सप्टेंबर या तारखा येतात. (दीड, अडीच, साडेतीन महिने असे धरल्यास उत्तर चुकते. 14 आठवडे म्हणजे पुरते साडेतीन महिने नव्हेत.)

आता हे बालक आईसह आजोळी राहिले व पहिली मात्रा 12 ऑगस्टला मिळाली, असे समजावे. तर दुसरी 19 ऑगस्टला द्यावी काय? नाही. दोन मात्रांत निदान चार आठवड्यांचे अंतर हवे. पहिल्या मात्रेने शरीरात जी तयारी सुरू होते ती पुरी होण्यापूर्वी दिलेल्या दुसऱ्या मात्रेचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून तक्ता असा होईल :

| देय वय | लस | मात्रा | दिल्याची तारीख |
|---|---|---|---|
| 6 आठवडे | पेंटाव्हॅलेंट | 1 | 12 ऑगस्ट |
| 10 आठवडे | पेंटाव्हॅलेंट | 2 | 9 सप्टेंबर |
| 14 आठवडे | पेंटाव्हॅलेंट | 3 | 7 ऑक्टोबर |

गावातील लसीकरणाचा दिवस 2 सप्टेंबरला आला, तर 21 दिवसच भरतात. त्या दिवशी दुसरी मात्रा देता येत नाही. याउलट आई नोव्हेंबरात परतली, तरी पहिली मात्रा वाया जात नाही. पुन्हा आरंभ न करता दुसरीपासून पुढे चालावयाचे असते. उशीर झाल्यामुळे ‘आता काय उपयोग’ म्हणून पत्रिका गुंडाळून ठेवणारी घरे असतात. त्यांस हे अवश्य सांगावे.

रकान्यात तारखेऐवजी नुसती बरोबरची खूण असली, तर यांतील एकही हिशेब करता येत नाही. अशा वेळी पत्रिका घेऊन उपकेंद्राच्या परिचारिकेकडे जावे. पत्रिकेची स्थळप्रत तेथे ठेवण्याची पद्धत असून तीवरून तारीख भरता येते. अंदाजाने तारीख लिहू नये.

जन्मवेळच्या ओळीचा नियम निराळा आहे. कावीळ-बची मात्रा 24 तासांत व पोलिओची ‘शून्य’ मात्रा 15 दिवसांत द्यावयाची असते. ती राहिल्यास तो रकाना कोराच राहतो, मागाहून भरीत नाहीत. पोलिओच्या नेहमीच्या मात्रांची गणना सहा आठवड्यांपासून होते, म्हणूनच तिला एक न म्हणता शून्य म्हणतात.